पाच आणि तीन सहा का झाले? प्रोसेसर मेमरीतून आदेश कसा उचलतो

जुलैतली दुपार, प्रॅक्टिकलचा तास. बाहेर फोंड्याचा पाऊस, आत पंख्यांचा आवाज. 8085 प्रोसेसरच्या शिकाऊ किटसमोर बसलेल्या एका मुलीने हात वर केला. "सर, पाच आणि तीनची बेरीज सहा येतेय."

जाऊन पाहिले. किटच्या लाल आकड्यांमध्ये 2050 या पत्त्यापुढे खरोखरच 06 उमटले होते. किट बिघडले नव्हते, स्क्रीनवर चुकीची सूचना नव्हती, प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालून नीट थांबला होता. मुलीने नऊ बाइट भरायचे होते, त्यातला एकच भरायचा राहिला होता.

एक बाइट गळला तर प्रोग्रॅम अडकायला हवा, असे आपल्याला वाटते. तो का अडकला नाही आणि नेमके सहाच का आले, हे समजायचे तर प्रोसेसर मेमरीतून आदेश कसा उचलतो ते पाहावे लागते. या उचलण्याला 'फेच' म्हणतात आणि त्यात चार रजिस्टरे लागतात. आमची मुले घरी कोंकणी बोलतात, वर्तमानपत्र मराठीत वाचतात आणि ही चार नावे इंग्रजीत पाठ करतात. क्रम तोंडपाठ असतो, पण चारच का, तीन का नाहीत, असे विचारले की वर्ग गप्प होतो. म्हणून हा लेख.

मेमरीच्या खणावर लेबल नसते

मेमरी म्हणजे ओळीने मांडलेले खण. प्रत्येक खणात एक बाइट मावतो आणि प्रत्येक खणाला एक क्रमांक असतो, तो त्याचा पत्ता. 8085 ला असे ६५,५३६ खण वापरता येतात. किटवर पत्ते आणि बाइट सोळाच्या पायावरच्या अंकांत दिसतात, म्हणजे 9 नंतर A, B असे करत F पर्यंत जायचे आणि मग 10. 3E किंवा 2000 असे आकडे आले की ते या पद्धतीचे समजावेत.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रोग्रॅमचे आदेशही याच खणांत असतात आणि बेरजेचे आकडेही याच खणांत. फोन नॉयमन यांनी १९४५ मध्ये एडव्हॅक यंत्रासाठी लिहिलेल्या मसुद्यात ही मांडणी आहे, आणि आजही बहुतेक यंत्रे तिच्यावरच चालतात. 3E हा बाइट आदेश असू शकतो आणि बासष्ट हा आकडाही असू शकतो. खणावर 'हा आदेश' किंवा 'हा आकडा' अशी चिठ्ठी चिकटवलेली नसते. मग प्रोसेसरला कळते कसे? ते चार रजिस्टरांच्या वागण्यातून ठरते. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेली छोटी, अतिशय वेगवान जागा, एखाद-दुसरा बाइट मावेल एवढी.

वाचनालयाची खिडकी

माझ्या लहानपणी गावच्या वाचनालयात कपाटांपर्यंत जायला परवानगी नव्हती. एक खिडकी होती. पुस्तकाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून खिडकीत सरकवायचा, आतले काका कपाटातून पुस्तक काढून खिडकीच्या फळीवर ठेवायचे, आपण ते उचलून टेबलावर नेऊन वाचायचे. मी तेव्हा एक अनेक भागांची ऐतिहासिक कादंबरी वाचत होतो. पुढचा कुठला भाग मागायचा आहे, तो क्रमांक मी एका छोट्या वहीत लिहून ठेवी.

माझी वही म्हणजे प्रोग्रॅम काउंटर. पुढचा आदेश कुठल्या पत्त्यावर आहे, एवढेच तो सांगतो. नावात काउंटर असला तरी किती आदेश झाले हे तो मोजत नाही. खिडकीतली चिठ्ठी म्हणजे मेमरी ॲड्रेस रजिस्टर. मेमरीला फक्त तेच दिसते, माझी वही आतल्या काकांना कधीच दिसली नाही. खिडकीची फळी म्हणजे मेमरी डेटा रजिस्टर, कारण आतून येणारे आणि आत जाणारे सगळे आधी तिथे टेकते. आणि टेबल म्हणजे इन्स्ट्रक्शन रजिस्टर. सध्या ज्याच्यावर काम चालू आहे तो आदेश तिथे उघडून ठेवलेला असतो.

पुस्तकांत या चार रजिस्टरांची इंग्रजी आद्याक्षरे याच क्रमाने PC, MAR, MDR आणि IR अशी घेऊन ही चार पायऱ्यांची गोष्ट अशी लिहितात:

```
MAR <- PC
MDR <- Memory[MAR],  PC <- PC + 1
IR  <- MDR
```

वहीतला क्रमांक चिठ्ठीवर उतरवला. काका आत पुस्तक शोधत असताना वहीत पुढचा क्रमांक लिहून टाकला. पुस्तक फळीवर आले, ते टेबलावर नेले.

मधल्या ओळीवर थोडे थांबू या, कारण परीक्षेत सर्वांत जास्त चूक तिथेच होते. काउंटर कधी वाढतो? आदेश पूर्ण झाल्यावर, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो आदेश अजून हातात येण्याआधीच वाढतो. पत्ता चिठ्ठीवर उतरला की वही मोकळी झाली. मेमरी प्रोसेसरच्या मानाने सावकाश आहे, तिची वाट पाहायचीच आहे, तर तेवढ्यात वाढवून घेतलेला बरा. त्यामुळे टेबलावर एक आदेश उघडा असतो तेव्हा काउंटर नेहमी त्याच्या पुढे पाहत असतो.

किटवर हे डोळ्यांनी दिसते

8085 च्या माहितीपुस्तकात एमएआर आणि एमडीआर ही नावे नाहीत. तिथे पत्त्याचा बफर आणि डेटाचा बफर असे शब्द आहेत, पण काम तेच. पत्त्याच्या तारा १६ आहेत, म्हणून काउंटर आणि पत्त्याचे रजिस्टर १६ बिटांचे. डेटाच्या तारा ८, म्हणून फळीवर एका वेळी एकच बाइट मावतो.

या चिपला पायांची टंचाई आहे, म्हणून पत्त्याचा खालचा अर्धा भाग आणि डेटा त्याच आठ पायांवरून जातात. आधी पत्ता, मग डेटा. पण डेटा यायला लागला की त्या पायांवरचा पत्ता पुसला जातो आणि मेमरीला तर तो शेवटपर्यंत हवा असतो. म्हणून आमच्या किटवर प्रोसेसरच्या शेजारी 74LS373 नावाची वीस पायांची चिप बसवली आहे. प्रोसेसरने इशारा दिला की ती पत्त्याचा अर्धा भाग धरून ठेवते आणि पुढचा इशारा येईपर्यंत सोडत नाही. मुलांना मी तिच्यावर बोट ठेवायला सांगतो. चिठ्ठी म्हणजे काय, ते पुस्तकातल्या चौकोनापेक्षा या काळ्या चिपवरून लवकर कळते.

आदेशाचा पहिला बाइट उचलून ओळखायला 8085 ला सहसा घड्याळाचे चार ठोके लागतात. पहिल्या ठोक्याला पत्ता बाहेर पडतो. दुसऱ्याला मेमरीला 'वाच' अशी खूण जाते आणि त्याच वेळी आत काउंटर एकने वाढतो. तिसऱ्याला बाइट आत येऊन इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये बसतो. चौथ्यात तो कुठला आदेश आहे हे ओळखले जाते. घड्याळ ३ मेगाहर्ट्झचे असेल तर हे सगळे साधारण १.३ मायक्रोसेकंदात उरकते.

काउंटरच थेट मेमरीला जोडला तर?

हुशार मुले हा प्रश्न विचारतातच. वहीच खिडकीत सरकवली तर चिठ्ठीची गरज काय?

त्या मुलीने भरायचा होता तो प्रोग्रॅम असा:

```
2000  3E 05     MVI A,05
2002  06 03     MVI B,03
2004  80        ADD B
2005  32 50 20  STA 2050
2008  76        HLT
```

ए नावाच्या रजिस्टरमध्ये पाच, बी मध्ये तीन, दोन्हींची बेरीज ए मध्ये, ती 2050 या खणात ठेव आणि थांब.

यातला चौथा आदेश पाहा. काउंटर 2005 वर आहे. पहिल्या फेरीत 32 आला, तो इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये गेला. प्रोसेसरला कळले की हा 'साठव' असा आदेश आहे आणि पुढचे दोन बाइट पत्त्याचे आहेत. दुसऱ्या फेरीत 50 आला, तिसऱ्या फेरीत 20. पत्त्याचा खालचा बाइट आधी ठेवायची या चिपची रीत आहे, म्हणून वाचताना 2050. काउंटर आता 2008 वर पोहोचलाय.

चौथ्या फेरीत बेरीज मेमरीत लिहायची आहे. आता मेमरीला पत्ता 2050 द्यायचा. काउंटरच थेट जोडलेला असता तर त्यात 2050 लिहावे लागले असते आणि 2008 कायमचे हरवले असते. काम झाल्यावर परत कुठे यायचे ते कोणालाच ठाऊक नसते. चिठ्ठी वेगळी आहे म्हणून तिच्यावर 2050 लिहिता येते आणि वहीतले 2008 जागच्या जागी राहते. आई मला कधी तिच्यासाठी पाककृतींचे पुस्तक आणायला सांगायची. त्या पुस्तकाचा क्रमांक मी चिठ्ठीवर लिही, माझ्या वहीत नाही, म्हणून कादंबरीचा भाग चुकत नसे.

याच फेरीत फळीची दिशाही उलटते. आधीच्या तीन फेऱ्यांत बाइट बाहेरून आत आला, आता 08 आतून मेमरीकडे चालला आहे.

आणि फळीवरच आदेश वाचला तर?

दुसरी शंका अशी: एमडीआर मध्ये बाइट आलाच आहे, तर तो पुन्हा आयआर मध्ये कशाला न्यायचा?

त्याच आदेशाकडे परत या. चार फेऱ्यांत फळीवरून चार बाइट गेले: 32, 50, 20 आणि बाहेर जाणारा 08. प्रत्येक नवा बाइट आला की आधीचा पुसला गेला. पण 'साठव' हे 32 चे म्हणणे प्रोसेसरला शेवटच्या ठोक्यापर्यंत हवे आहे. या आदेशाला एकूण १३ ठोके लागतात, त्यातल्या बाराव्या ठोक्याला आपण वाचतोय की लिहितोय हे विसरून चालणार नाही. म्हणून 32 पहिल्याच फेरीत टेबलावर जातो आणि आदेश संपेपर्यंत तिथून हलत नाही.

इथेच लेबलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. फळीवर आलेला बाइट टेबलावर न्यायचा की आकडा म्हणून दुसरीकडे, हे बाइटकडे पाहून ठरत नाही. नवा आदेश सुरू करायच्या फेरीत जो बाइट येईल तो आदेश. त्या आदेशाने 'पुढचा एक बाइट माझा' असे म्हटले तर त्यानंतर येईल तो आकडा, मग त्यात काहीही असो. वाचनालयाची उपमा इथे तोकडी पडते, कारण पुस्तक हातात आल्यावर ते भलतेच आहे हे मला कळायचे. प्रोसेसरला तसे कळायला मार्गच नाही.

मग सहा कुठून आले?

मुलीने 2001 वरचा 05 गाळला होता. त्यामुळे पुढचे सगळे बाइट एकेक खण अलीकडे सरकले. मेमरीत प्रत्यक्षात हे होते:

```
2000  3E 06 03 80 32 50 20 76
```

आता प्रोसेसरच्या जागी बसून वाचा. 2000 वर 3E मिळाला, तो टेबलावर गेला. त्याचा अर्थ 'पुढचा बाइट ए मध्ये घाल'. पुढचा बाइट 06. तो खरे तर पुढच्या आदेशाचा पहिला बाइट होता, पण पाळी आकड्याची होती, म्हणून ए मध्ये सहा गेले. काउंटर 2002 वर. तिथे 03. हा बेरजेचा तीन होता, पण आता पाळी नव्या आदेशाची, म्हणून 03 टेबलावर गेला. आणि 8085 मध्ये 03 हा खराखुरा आदेश आहे: बी आणि सी ही जोडी एक संख्या धरून तिच्यात एक मिळव. किटवर दोन्हींत शून्य होते. एक मिळवल्यावर सी मध्ये एक आले, बी शून्यच राहिला.

2003 वर 80, म्हणजे ए मध्ये बी मिळव. सहा अधिक शून्य, सहा. इथून पुढे गाडी आपोआप रुळावर आली, कारण 32 50 20 हे तीन बाइट ओळीने एकत्रच होते. सहा 2050 मध्ये साठवले गेले आणि 76 वर प्रोसेसर थांबला. त्याच्या दृष्टीने एकही चूक झाली नाही. दिलेला प्रत्येक आदेश त्याने इमानाने पाळला.

हे ओळखायचे कसे? उत्तराकडे पाहून नाही. किटवर एकेक आदेश थांबवत चालवायची सोय असते, प्रत्येक थांब्याला काउंटर काय दाखवतो ते वहीत लिहायचे. बरोबर प्रोग्रॅममध्ये तो 2000, 2002, 2004, 2005, 2008 असा जातो. मुलीने लिहिले 2000, 2002, 2003, 2004, 2007. तिसऱ्या आकड्यावर तिचे बोट थांबले. दोन बाइटांच्या आदेशानंतर काउंटर दोनने वाढायला हवा होता आणि तो एकनेच वाढला, म्हणजे 2002 वर भलताच आदेश बसला आहे. तिथून एक खण मागे पाहिले की 2001 वर 05 ऐवजी 06 सापडतो.

माझा अनुभव असा की काउंटरचे आकडे लिहून काढायची सवय लागलेल्या मुलांना या चार रजिस्टरांचे काम पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

हे जुन्या चिपचे झाले, आजच्या फोनचे काय?

8085 ही १९७६ सालची चिप आहे. आजचा प्रोसेसर एका वेळी अनेक आदेश उचलतो, आधीचा पूर्ण व्हायच्या आत पुढचे सुरू करतो, आणि मेमरीकडे धाव घेण्याआधी जवळच्या कॅशमध्ये पाहतो. एक चिठ्ठी आणि एक फळी यांच्या जागी अशा कित्येक चिठ्ठ्यांच्या रांगा असतात. त्यामुळे एमएआर आणि एमडीआर ही नावे आता कामाची नावे उरली आहेत, चिपवर बोट ठेवून दाखवता येतील अशा एकेका जागेची नाहीत.

प्रोग्रॅम काउंटर मात्र आहे. इंटेलच्या संगणकांत त्याला इन्स्ट्रक्शन पॉइंटर म्हणतात. आणि तो पुढे पाहतो ही गोष्ट ३२ बिटांच्या जुन्या एआरएम प्रोसेसरमध्ये अगदी उघड दिसायची: चार-चार बाइटांच्या आदेशांत काउंटर वाचला तर चालू आदेशाच्या पत्त्यापेक्षा तो आठने जास्त दिसे, म्हणजे दोन आदेश पुढे.

फोनवर अधूनमधून 'सुरक्षा अपडेट घ्या' अशी सूचना येते. त्यांतल्या काही दुरुस्त्यांच्या मुळाशी त्या मुलीच्या किटवर झाली तीच गोष्ट असते, फक्त कोणीतरी मुद्दाम केलेली. प्रोग्रॅम एखादे उपकाम करायला दुसरीकडे जातो तेव्हा परतीचा पत्ता मेमरीत लिहून ठेवतो, आणि काम झाल्यावर तो पत्ता काउंटरमध्ये परत भरला जातो. प्रोग्रॅमने ठेवलेल्या जागेपेक्षा लांब मजकूर कोणी पाठवला आणि लांबी तपासलीच गेली नाही, तर तो मजकूर परतीच्या पत्त्यावर सांडतो. मग काउंटरमध्ये हल्लेखोराने निवडलेला पत्ता जातो, आणि तिथे त्यानेच मजकूर म्हणून पाठवलेले बाइट असतात. ते एकेक करून टेबलावर जातात, आदेश म्हणून. १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने शिरकावासाठी वापरलेला एक मार्ग हाच होता.

याला पुढे एक उपाय निघाला. मेमरीच्या भागांवर खूण करायची की इथून वाचा, इथे लिहा, पण इथून आदेश म्हणून उचलू नका. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय २००४ च्या सर्व्हिस पॅक २ बरोबर आली. म्हणजे इतक्या वर्षांनी खणाला निदान अर्धे लेबल मिळाले. अर्धे म्हणतो, कारण हल्लेखोर स्वतःचे बाइट न पाठवता आधीपासून मेमरीत असलेल्या खऱ्या आदेशांचेच तुकडे काउंटरला हव्या त्या क्रमाने फिरवून वापरू शकतो. त्यासाठी आणखी वेगळे उपाय लागतात.

सुरुवातीला काउंटरमध्ये काय असते?

हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नव्हता, पावसाने विचारला. मुलीने 2001 पासून बाइट पुन्हा भरायला घेतले आणि वीज गेली. पाच मिनिटांनी आली.

वीज येते तेव्हा काउंटरमध्ये काहीही कचरा असून चालत नाही, नाहीतर पहिलाच फेच कुठल्या तरी भलत्या खणातून होईल. म्हणून रीसेटच्या तारेवर इशारा मिळाला की 8085 काउंटरमध्ये 0000 भरतो. किट बनवणाऱ्याने त्या पत्त्यावर वीज गेली तरी न पुसणारी मेमरी बसवलेली असते आणि तिच्यात किटचा स्वतःचा प्रोग्रॅम असतो. तोच आकडे उजळतो, तोच बटणे वाचतो. वीज आल्या आल्या तो 0000 पासून एकेक बाइट टेबलावर नेऊ लागला आणि लाल आकडे पेटले.

मुलीने 2000 हा पत्ता मागून पाहिला. तिथे 3E नव्हता, भलताच बाइट होता. ती मेमरी वीज गेली की पुसली जाते. तिने वही उघडून समोर ठेवली, पहिल्या बाइटपासून सुरुवात केली आणि या वेळी 05 भरताना तो तोंडाने मोठ्याने म्हटला.